खोगिरावरून दिसणारे दोन कान

माथेरानला दस्तुरी नाक्यापाशी गाडी सोडावी लागते. पुढे खासगी वाहनांना बंदी, त्यामुळे नाक्यावर घोड्यांची रांग लागलेली असते. पर्यटक भाव करतात, पोराला वर बसवतात आणि फोटो काढतात. या गडबडीत घोड्याच्या तोंडाकडे कुणी फारसं बघत नाही. बघितलं, तर रांगेतल्या एखाद्या घोड्याने कान मागे टाकलेले असतात, दुसरा शेपटीचे फटकारे मारत असतो, तिसरा पुढचा पाय फरशीवर आपटत असतो. घोडेवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो, “काही नाही हो, माश्या आहेत.”

पुष्कळदा तो खरंच सांगत असतो. पण तीच शेपूट आणि तोच पाय माशी नसतानाही हलतो, आणि तेव्हा कारण वेगळं असतं. खोगीर टोचतं, पोटात जळजळतं, मागचा पाय दुखतो, किंवा शेजारचा घोडा फार जवळ आलेला असतो. कान, शेपूट आणि पाय ही तीनच अक्षरं, पण कोणत्या क्षणी उमटली त्यावर त्यांचा अर्थ ठरतो.

कानांपासून सुरुवात करू. घोड्याच्या प्रत्येक कानाला दहा स्नायू असतात आणि दोन्ही कान एकमेकांवर अवलंबून न राहता जवळपास १८० अंशांत फिरतात. एक कान पुढच्या वळणावर आणि दुसरा पाठीवरच्या माणसाकडे, असं अगदी सहज चालतं. कान वळला, की घोड्याचं लक्ष तिकडे गेलं. ही खूण माणसांच्या आधी घोड्यांनाच कळते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या जेनिफर वॅथन आणि कॅरन मॅककॉम्ब यांनी २०१४ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. खाण्याच्या दोन बादल्या ठेवायच्या आणि त्यांच्यामध्ये, एका बादलीकडे पाहणाऱ्या घोड्याच्या डोक्याचा खऱ्या आकाराचा फोटो लावायचा. समोर आणलेला घोडा फोटोतला घोडा जिकडे पाहतोय ती बादली निवडायचा. मात्र फोटोतल्या घोड्याचे कान झाकले, किंवा कान उघडे ठेवून डोळे झाकले, की त्याला नीट निवड करता येईना. म्हणजे दुसऱ्याचं लक्ष कुठे आहे हे घोडा डोळ्यांइतकंच कानांवरूनही ओळखतो.

मग रागावल्यावर कान मागे का जातात? याचं आजही पटणारं उत्तर चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या, माणूस आणि प्राणी यांच्या भावनांवरच्या पुस्तकात दिलं. जे प्राणी दातांनी भांडतात, ते भांडताना कान मानेला चिकटवतात, कारण उभा कान शत्रूच्या दातात सापडतो. कुत्रा, मांजर आणि घोडा या गटातले. गाय, बैल, शेळी, मेंढी दातांनी लढत नाहीत, म्हणून चिडल्यावर ती कान असे दाबून धरत नाहीत. हे शेतकऱ्याला लगेच पडताळता येईल. मारका बैल डोकं खाली घालून शिंगं रोखतो, कानांची त्याला काळजी नसते. घोडा आधी कान पाडतो, मग मान लांब करतो, मग चावतो. मागून लाथ मारायची असेल तरीही तो कान पाडतो. लाथेशी कानांचा तसा संबंध नाही. डार्विनच्या मते ती नुसती सवय. पण कळपातल्या इतरांना ती सवय पक्की ठाऊक असते. वरचढ घोडीने गवताच्या ढिगापाशी नुसते कान पाडले, की दुसरी दोन पावलं मागे सरते. प्रकरण तिथेच मिटतं, दात लागत नाहीत.

स्वारासाठी अडचण अशी, की मागे गेलेला प्रत्येक कान रागाचा नसतो आणि त्याला खोगिरावरून घोड्याचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतात ते वरून दोन कान. त्यांची तीन रूपं ओळखता आली तरी बरंच काम होतं. कान टवकारलेले असतील, तर स्वाराला कानांची पाठ दिसते, म्हणजे घोडा पुढचं काहीतरी बघतोय. लगेच बुजेल असं नाही, पण लगाम हातात नीट असावा. कान सैलसर मागे वळलेले असतील, तर कानाची पोकळी स्वाराच्या दिशेने उघडलेली दिसते. हा घोडा स्वाराकडे लक्ष देऊन आहे. नवशिके नेमके इथे फसतात आणि शहाण्या, ऐकणाऱ्या घोड्याला रागीट समजतात. तिसऱ्या रूपात कान डोक्याच्या मागच्या रेषेत चपटे बसतात, पोकळी जवळजवळ दिसेनाशी होते आणि कानाचं बूडसुद्धा ताठ होतं. जमिनीवर उभा असलेला माणूस याच्या जोडीला आणखी काही बघू शकतो. नाकपुडीवर सुरकुती आलेली असते, ओठ आवळलेले असतात, डोळ्याच्या वर त्रिकोणी ताण दिसतो. हे सगळं जुळलं, तर तो कान पाडलेला घोडा.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात आणि त्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडवतात. दुरून बघणाऱ्याला मारवाडी घोडा सतत काहीतरी ऐकतोय असंच वाटतं. अशा घोड्याच्या कानांची टोकं बघू नयेत, कानाचं बूड कोणत्या दिशेला झुकलंय ते बघावं. शर्यतीतल्या घोड्याचाही अपवाद करावा लागतो. पूर्ण वेगात धावणारा घोडा जोर लावताना कान मागे टाकतो. तो रागावलेला असतोच असं नाही.

शेपटीचा हिशेब थोडा निराळा. ती पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग आहे, साधारण पंधरा ते एकवीस मणक्यांची, म्हणून पाठीत ताण आला की तो शेपटीत दिसतो. सैल पाठीचा घोडा चालताना शेपूट दोन्ही बाजूंना सारख्या लयीत झुलवतो. थंडीत किंवा भीतीने तो ती पायांमध्ये दाबतो, आनंदाने किंवा उत्तेजित होऊन झेंड्यासारखी वर धरतो. एकाच बाजूला कललेली शेपूट मात्र नोंद घेण्यासारखी. दर वेळी तिचं कारण दुखणंच असतं असं नाही, पण पाठीमागे किंवा मागच्या पायात काही असेल, तर ती कधीकधी तिकडे झुकते.

माश्या हाकलणं हा शेपटीचा पहिला धंदा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली मोजमाप करून दाखवलं, की शेपटीच्या झुलण्याने सेकंदाला एक मीटरच्या आसपासचा वारा तयार होतो, आणि तो डासाच्या उडण्याच्या वेगाइतकाच असल्यामुळे डासाला अंगावर बसणं कठीण जातं. एखादा डास तरीही बसलाच, तर शेपूट नेमकी त्याच जागी फटका मारते. हा फटका ओळखायला सोपा. शेपूट शांतपणे, अधूनमधून, एकाच बाजूला जाते आणि घोड्याचं बाकी अंग सैल असतं. खांद्यावर किंवा कुशीवर माशी बसली, तर कातडी तेवढ्याच ठिकाणी थरथरते. शेपूट पोचत नाही तिथे कातडीखालचा पातळ स्नायू कामाला येतो. शेपूटच कापली तर घोड्याची काय अवस्था होते, हे युरोपने पूर्वी अनुभवलं. फॅशन म्हणून घोड्यांच्या शेपट्या छाटायची तिथे प्रथा होती, आणि ब्रिटनमध्ये ती १९४९ च्या कायद्याने बंद झाली.

स्वारीतला फटका याच्यापेक्षा वेगळा दिसतो. तो एखाद्या सूचनेला चिकटून येतो. स्वाराने टाच लावली, की शेपूट झटकन गोल फिरते; दुडक्या चालीतून कॅंटरमध्ये जाताना दोन-तीन फटकारे येतात; डावीकडे वळताना येतात, उजवीकडे येत नाहीत. डावा-उजवा असा फरक माशीला नसतो. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ड्रेसाज स्पर्धांच्या नियमांत शेपटीचा चंचलपणा हा दात खाणे, जीभ बाहेर काढणे यांच्या जोडीने अस्वस्थता, ताण किंवा विरोधाचं लक्षण मानला आहे आणि परीक्षकांनी गुण देताना तो लक्षात घ्यावा अशी सूचना आहे. एवढं महत्त्व आलं, की लबाडीही येते. अमेरिकेत पश्चिमी पद्धतीच्या काही स्पर्धांमध्ये शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन देऊन ती बधिर करण्याचे प्रकार झाले. शेपूट लटकली की परीक्षकाला फटकारे दिसत नाहीत! घोडा जे सांगतोय ते बंद करायला माणसाने काय काय केलं आहे, त्याचा हा नमुना. तिथल्या घोडे-संघटनेच्या नियमांत त्याला मनाई आहे.

पाय आपटण्याबद्दल स्वारांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. चार वेगळ्या हालचालींना लोक एकच नाव देतात. रक्त पिणारी तबेल्यातली माशी, जी घरमाशीसारखी दिसते पण सुईसारखी सोंड असलेली असते, ती मुख्यतः घोड्याच्या पायांवर बसते. घोडा तिला झटकण्यासाठी पाय उचलून सरळ खाली आपटतो. ही खरी आपटणी, आणि तिचा स्वतःचा तोटाही आहे. फरशीवर किंवा दगडी अंगणात दिवसभर पाय आपटून खुराच्या कडा तडकतात आणि नालेचे खिळे सैल होतात. नालबंदाला नाल पुन्हापुन्हा बसवावी लागत असेल, तर आधी माशांचा बंदोबस्त बघावा. शेण रोज उचलणं, कुजलेला चारा आणि ओला पेंढा ठेवू न देणं, तबेल्यात पंखा लावणं, एवढ्यानेही फरक पडतो.

पुढच्या पायाने जमीन उकरणं ही दुसरी हालचाल. चंदीची वेळ झाली आणि बादली दिसत नाही, की घोडा उकरतो. अधीरतेपलीकडे त्यात काही नाही. पण खाणं समोर असतानाही तो उकरतोय, कुशीकडे मान वळवून बघतोय, मागचा पाय पोटाखाली मारतोय, ओठ वर गुंडाळतोय, तर ती तिसरी हालचाल, आणि ती पोटशूळाची असू शकते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं बाहेर पडायला वरची वाट नाही. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते आणि ती जबड्याखाली बोट लावून मोजता येते. ती ६० च्या वर गेली आणि घोडा खाली पडून लोळू बघतोय, तर स्वारीचा विचार सोडून पशुवैद्याला फोन करावा. चौथी हालचाल म्हणजे मागचा पाय उचलून धरलेला, कान पाडलेले आणि ढुंगण शेजाऱ्याकडे वळवलेलं, ही दुगाण्या झाडायची तयारी. इंग्लंडात शिकारीच्या टोळीत लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने. आपल्याकडे फीत नसते, म्हणून रांगेत दोन घोड्यांमध्ये एका घोड्याएवढं अंतर ठेवलेलं बरं.

एक नमुना घेऊन हे सगळं वापरून बघू. समजा, रायडिंग स्कूलमधली आठ वर्षांची घोडी आहे. तंग आवळताना ती कान पाडते, कधी हवेत दात वाजवते. डावीकडच्या कॅंटरला शेपूट झटकते. खरारा करताना मागचा पाय आपटते. शिकणाऱ्या मुलांना सांगितलं जातं, “ती जरा तिरसट आहे, सांभाळून घ्या.” मोतद्दारही तेच म्हणतो, कारण ती त्याला चावायला येते.

आधी माशी वगळायची. घोडीला पंख्याखाली आत घेऊन, अंगाला माशांचं औषध लावून खरारा केला. पाय आपटणं बरंच थांबलं, म्हणजे ती तक्रार बव्हंशी माशांची. शेपूट आणि कान तसेच राहिले. मग खोगीर. स्वारीनंतर खोगीर काढून लगेच पाठ बघितली, तर घाम सारखा पसरलेला असायला हवा. मधूनच तळहाताएवढी कोरडी जागा असेल, तर तिथे दाब जास्त पडून घामग्रंथी दबल्या असण्याचा संशय घेता येतो. खांद्याच्या उंचवट्यापाशी पांढरे केस उगवलेले असतील, तर जुना दाब. या घोडीच्या पाठीवर घाम ठीक, पण खोगीर दर स्वारीत उजवीकडे सरकलेलं निघालं. स्वार बदलला, तरी ते उजवीकडेच सरकलं.

बहुतेक लोक इथे तंग आणखी आवळतात. पण सरकणाऱ्या खोगिराचा संबंध मागच्या पायाच्या लंगडेपणाशी असू शकतो, हे ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांच्या २०१४ च्या अभ्यासात नियमित काम करणारे ५०६ क्रीडाघोडे तपासले गेले. मालकांच्या मते ते सगळे ठणठणीत होते. त्यांतले ४६ टक्के उघडपणे लंगडत होते किंवा त्यांची चाल ताठर होती. म्हणजे रोज वापरणाऱ्या माणसाला लंगडणं दिसत नाही, आणि घोड्याच्या तक्रारी तेवढ्या दिसतात, त्याही “खोड” या नावाने.

डायसन यांनी पुढे स्वारीतल्या घोड्यासाठी चोवीस वर्तनांची यादी तयार केली. कान उभ्या रेषेच्या मागे किंवा चपटे, आणि तेही पाच सेकंदांहून जास्त, ही त्यातली एक नोंद. शेपटीचे मोठे फटकारे दुसरी. दात दिसतील असं तोंड उघडं, डोळ्याचा पांढरा भाग वारंवार दिसणं, चाल अचानक बदलणं अशा बाकीच्या. चालणं, दुडकी आणि कॅंटर धरून घोडा काही मिनिटं बघायचा आणि किती नोंदी जुळतात ते मोजायचं. आठ किंवा अधिक आल्या, तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. पुढचा पुरावा मला तरी सगळ्यात पटणारा वाटतो. लंगड्या घोड्यांच्या पायातल्या ठराविक नसेपाशी भूल दिली आणि त्याच स्वाराने तेच काम पुन्हा करून घेतलं, तर या नोंदी लगेच खाली आल्या. तिरसटपणा इंजेक्शनने जात नाही.

आपल्या घोडीलाही पशुवैद्याने कडक सपाट जमिनीवर, लगाम सैल सोडून दुडकी चालवली. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. इथे डोकं स्थिर होतं. मागून बघितल्यावर पुठ्ठ्याची एक बाजू जास्त वरखाली होत होती. मागच्या डाव्या पायाला भूल देऊन तिला पुन्हा स्वारीत घेतलं, तर कॅंटरला शेपूट शांत राहिली आणि खोगीर मधोमध बसलं. दुखणं सापडलं, त्यावर उपचार आणि विश्रांती ठरली.

तंगाचा प्रश्न मात्र उरला, कारण तंग आवळताना कान पाडण्याची कारणं आणखीही असतात. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, खाल्लं नसलं तरीही. दिवसभर थोडंथोडं चरणाऱ्या प्राण्याला त्याचा त्रास नाही. रात्री बारा तास उपाशी आणि सकाळी एकदम जास्त चंदी, अशा घोड्याच्या जठराच्या वरच्या भागात व्रण होऊ शकतात, आणि धावताना पोट दाबलं जाऊन आम्ल नेमकं तिथेच उसळतं. खात्री लांब नळीच्या एंडोस्कोपनेच होते. उपचार साधारणतः ओमेप्राझोलचा, महिनाभराचा. त्याच्या जोडीला स्वारीच्या आधी थोडं वाळलेलं गवत चारणं आणि रात्रीही चारा ठेवणं, हे कुठल्याही पागेत जमण्यासारखं आहे.

या यादीला मर्यादाही आहेत. आठ नोंदी म्हणजे निदान नव्हे; दुखतंय एवढंच कळतं, कुठे ते नाही. अननुभवी स्वाराने लगाम ओढून धरला, तर दुखणं नसलेला घोडाही तोंड उघडेल आणि शेपूट झटकेल. शिवाय दुखणं बरं झालं, तरी आठवण राहते. ही घोडी तंग बघून पुढेही काही आठवडे कान पाडत राहील, कारण तंग म्हणजे वेदना हे तिने शिकलेलं आहे. त्या काळात तंग एका दमात आवळायचा नाही. एक भोक घ्यायचं, थांबायचं, दहा-बारा पावलं चालवायचं, कान सैल झाले की दुसरं भोक. स्वार वर चढल्यावर, पुन्हा थोडं चालवून, शेवटचं.